यादीबाहेरची वाडी

गावांची नावं बघून मला रडू येतं, असं रचना घरी सांगायची तेव्हा तिची आई हसायची. "आजारी माणसं बघून येत नाय, नि नावं बघून येतं?" असं विचारायची. आईला कळावं तरी कसं! आगरबंदरच्या ग्रामीण रुग्णालयात रचना नाक्ती चार वर्षं डाटा एन्ट्री ऑपरेटर होती, ठेकेदाराच्या मार्फत लागलेली. आजारी माणसं तिच्यापर्यंत यायचीच नाहीत. ती यायची ती केसपेपरच्या रूपानं, दुपारी ओपीडी संपल्यावर, रबर लावलेल्या गठ्ठ्यात.

पुढच्या खिडकीवर तात्या बसायचे. नाव, वय, गाव ते हातानं लिहीत. आत डॉक्टर आजार लिहीत. मग तो गठ्ठा जिन्याखालच्या खोलीत रचनाच्या टेबलावर येई आणि ती एकेक ओळ एक्सेलच्या तक्त्यात भरी. गर्दीच्या दिवशी लसीकरणाकडची साक्षी हाताशी येई. रचनाची रजा असली की ज्या सिस्टरला वेळ असेल ती बसे. प्रत्येकीचा हात वेगळा, सवय वेगळी. एकाच दिवसाच्या तक्त्यात करंजखार, करंजखर, करंज खार आणि करंझखार अशी चार गावं उभी राहत. 'कावीळ' कधी दीर्घ तर कधी ऱ्हस्व. आणि सगळं बरोबर लिहूनही शेवटी स्पेसबारला बोट लागलं, की डोळ्यांना दिसायचं नाही पण मशीन त्यालाही निराळंच धरायचं. आठवड्याचा गाववार गोषवारा काढला की एका गावाचे पाच तुकडे. तालुक्याच्या आरोग्य कार्यालयातून तो लाल खुणा करून परत यायचा. रचना ते तुकडे हातानं जोडत बसायची. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

एवढं असतं तरी तिनं सोसलं असतं. पण आदल्या वर्षी करंजखारला डेंग्यू झाला. करंजखार तिचं आजोळ. मामेभाऊ साहिल अंगावर पुरळ उठून पंधरा दिवस खाटेवर होता. तालुक्याचं फवारणीचं पथक आलं ते अर्धं गाव तापानं फणफणल्यावर. का उशीर झाला ते रचनाला नंतर जुना गोषवारा काढून बघितल्यावर कळलं. तिथं करंजखारचे रुग्ण चार नावांखाली वाटले गेले होते आणि कुठल्याच नावापुढचा आकडा कुणी दचकून बघावा इतका मोठा नव्हता. साहिल बरा झाला. गावात कुणी दगावलं नाही. पण ती गोष्ट रचनाच्या मनातून गेली नाही.

फेब्रुवारीत एका रविवारी तिनं पत्र लिहायला घेतलं. जन्मात पहिल्यांदा ती साहेबांना काही सुचवत होती. तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. शेवटी हे राहिलं:

"मा. वैद्यकीय अधीक्षक यांस सविनय सादर. विषय : दैनंदिन नोंदींत वारंवार होणाऱ्या शुद्धलेखनाच्या चुका टाळण्यासाठी ड्रॉपडाउन यादी लागू करणेबाबत. महोदय, गाव व निदान हे दोन रकाने सध्या हाताने टाइप केले जातात. एकच नाव वेगवेगळ्या प्रकारे लिहिले गेल्याने मशीन ती वेगवेगळी गावे समजते व साथीचा अंदाज येत नाही. या दोन रकान्यांत टाइप करण्याऐवजी यादीतून निवडण्याची सोय करावी. एक्सेलमध्ये ही सोय आहे व तिला खर्च नाही. गावांची व आजारांची यादी दुसऱ्या पानावर एकदाच नीट तपासून ठेवावी. यादीबाहेरचे काहीही भरता येऊ नये, तसे केल्यास मशीनने नोंद स्वीकारू नये, अन्यथा पुन्हा पूर्वीप्रमाणेच होईल."

शेवटचं वाक्य तिनं सगळ्यात उशिरा घातलं. तिला साक्षीची सवय ठाऊक होती. वाट मोकळी ठेवली की साक्षी टाइप करणारच. पत्राला तिनं गावांची यादीही जोडली. तात्यांशेजारी बसून, त्यांना विचारून विचारून, गावं आणि त्यांच्या वाड्या सगळ्या लिहून काढल्या.

अधीक्षक डॉक्टर सलिल जोगळेकर श्रीवर्धनकडचे, सुपारीच्या बागायतदारांच्या घरातले. माणूस सरळ. पत्र त्यांनी तिच्यासमोरच वाचलं.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही सर. रोज तेच तेच दुरुस्त करून कंटाळले."

"आपण इतकी वर्षं काय करत होतो मग?" ते स्वतःशीच म्हणाले. "मी जिल्ह्याला पाठवतो. आपल्याच एकट्याकडे कशाला, सगळीकडे व्हायला हवं."

रचना जिन्याखालच्या खोलीत आली ती जवळजवळ धावतच. त्या दिवशी तिनं तात्यांना नि साक्षीला कोकम सरबत पाजलं.

जिल्ह्याचं काम, वेळ लागणार हे तिनं धरलंच होतं. पण एप्रिलातच स्वप्निल नावाचा संगणक विभागाचा पोरगेला माणूस लॅपटॉप घेऊन हजर झाला. बोलायला मोकळा, नवी मुंबईचा, वाक्यागणिक हिंदी.

"मॅडम, तुमचं लेटर वरती सगळ्यांना आवडलं. एकदम सही आयडिया." त्यानं नवा तक्ता तिच्या मशीनवर चढवला. गावाच्या चौकटीवर टिचकी मारली की कडेला छोटा बाण येई, बाण दाबला की नावं खाली उलगडत. 'करंजखर' टाइप करून बघितलं तर मशीननं घंटा वाजवून नाकारलं. रचनाला हसूच आलं. तिनं पुन्हा पुन्हा चुकीचं टाइप करून बघितलं आणि मशीन पुन्हा पुन्हा नको म्हणालं.

मग तिनं यादी वरून खाली सरकवली नि तिचा हात थांबला.

"यात वाड्या नाहीत."

"वाड्या नाहीत ना. ही महसुली गावांची ऑफिशियल लिस्ट आहे. प्रत्येक गावाला कोड आहे, वरच्या सिस्टीमला तो मॅच व्हावा लागतो."

"मी यादी जोडली होती. तात्यांना विचारून केलेली."

"ती बघितली मी. पण वाडीला कोडच नसतो मॅडम, काय करणार? वाडी ज्या गावाची, ते गाव सिलेक्ट करायचं. सिंपल."

"नाहीतर एक 'इतर' ठेवा. बाजूला लिहायला जागा ठेवा."

स्वप्निल हसला. वाईट नाही, गमतीनं. "तुम्हीच लिहिलंय ना, यादीबाहेरचं काही घेऊ नये? आमच्या साहेबांनी त्या लाइनखाली रेघ मारली होती. बोलले, ये लडकी समझती है." पान त्यानं पासवर्डनं बंद केलं आणि दुपारची मांडव्याची बोट पकडायची म्हणून निघून गेला.

रचनानं मनाची समजूत घातली. बहुतेक वाड्यांचं गाव पक्कं होतं, तिथं अडचण नव्हती. अडचण होती ती एकदोन ठिकाणी. त्यात उक्षीची वाडी. डोंगराच्या कुशीत, ओढ्यापलीकडे, कातकऱ्यांची वीस-पंचवीस घरं. ग्रामपंचायत करंजखारची, रस्ता वाघखोलचा, रेशनचं दुकान आंबेतळचं. माणसं विचारलं की "उक्षीची वाडी" एवढंच सांगत, आणि तात्या तेवढंच लिहीत. आधी तक्त्यात ती उक्षी, उक्शीवाडी, उक्षिची वाडी अशी कशीही यायची, पण यायची. आता रचना करंजखार निवडू लागली. कारण ग्रामपंचायत. साक्षी कुठलं गाव निवडते ते विचारायचं तिला सुचलंच नाही.

मे गेला, जून गेला. गोषवारा एकदाही परत आला नाही. तालुक्याच्या बैठकीत डॉक्टर जोगळेकरांचं कौतुक झालं आणि येऊन त्यांनी ते रचनाला जसंच्या तसं सांगितलं. ओळी एकाखाली एक, स्वच्छ, एक अक्षर चुकलेलं नाही. एखादा झाडून काढलेला ओटा असावा तसा तक्ता दिसायचा. बघताना तिला बरं वाटायचं. तरी तिनं जुलैत दुसरं पत्र लिहिलं. वाड्यांची नावं यादीत घ्यावीत, निदान ज्यांच्या गावाबद्दल संभ्रम आहे त्यांची. उत्तर आलं. कोड जुळणीमुळे वर्षाच्या मध्ये बदल शक्य नाही, पुढील आर्थिक वर्षात विचार होईल, आणि "आपल्याच मूळ प्रस्तावातील अखेरच्या वाक्याकडे लक्ष वेधण्यात येते."

तिनं ते उत्तर फाइलला लावलं. जोर लावायला हवा होता का, सरांकडे जाऊन बसायला हवं होतं का, हे तेव्हा तिच्या मनात आलं नाही. पाऊस होता, तापाचे रुग्ण होते, केसपेपरचा गठ्ठा रोज जाडजूड होत होता.

गणपती गेले नि कावीळ सुरू झाली. म्हणजे सुरू झाली होती आधीच. ती दिसली नाही इतकंच. या दिवसांत इकडेतिकडे एखाद-दुसरा रुग्ण असतोच. शिवाय कावीळ म्हटलं की निम्मी माणसं आधी गावठी औषधवाल्याकडे जातात, दवाखान्यात पोचतात ती अंगात त्राण उरलं नाही की. ओपीडीत रोज वेगळे डॉक्टर. एकानं सोमवारी दोन बघितले, दुसऱ्यानं गुरुवारी एक. तिघांना एकत्र बघणारं कुणी नव्हतं. ते काम गोषवाऱ्याचं. आणि गोषवाऱ्यात करंजखारपुढे थोडे होते, वाघखोलपुढे थोडे, आंबेतळपुढे थोडे.

उक्षीच्या वाडीची आशा सेविका कोकिळा, वाघखोलची. एरवी ती आठवड्याला ओढा ओलांडून वाडीवर जायचीच. पण श्रावणात शेवाळावरून पाय घसरून पडली आणि महिनाभर प्लास्टरात होती. प्लास्टर निघाल्यावर काठी टेकत ती वाडीवर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी टमटम करून एका बाईला घेऊन दवाखान्यात आली.

बाईचं नाव केसर पवार. बाविशीतली, आठवा महिना. सोबत नवरा रघू. तिला धरून चालवत होता. केसरचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते नि ती विचारलेल्याला भलतंच उत्तर देत होती. डॉक्टर जोगळेकर ओपीडी टाकून धावत आले. बघितलं, आणि ॲम्ब्युलन्स बोलवायला सांगितली. जिल्ह्याला पाठवण्याखेरीज इथं काही करण्यासारखं नव्हतं.

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत कोकिळा जिन्याखालच्या खोलीत आली. तिथला पंखा तिला ठाऊक होता. खुर्चीत बसून तिनं पाय लांब केला.

"रचना, वाडीत समदे पिवळे झालेत गो. पोरं, म्हातारी, घरटी एक तरी हाय. तुमच्याकडं नोंद न्हाय का? तालुक्याचं कोनी कसं आलं न्हाय?"

"कुठल्या वाडीत?"

"उक्षीच्या."

रचनानं तक्ता उघडला. गावाच्या रकान्यात उक्षीची वाडी नव्हती. असणारच नव्हती. मग तिनं कपाटातून गेल्या महिन्याचे केसपेपर काढले नि जमिनीवर बसून कावीळ लिहिलेले वेगळे करायला लागली. तात्यांचं अक्षर मोठं, गोल. उक्षीची वाडी. उक्षीची वाडी. उक्षीची वाडी. प्रत्येक कागद ती तक्त्यातल्या ओळीशी ताडत गेली. तिनं स्वतः भरलेले करंजखारमध्ये होते. साक्षीनं वाघखोल निवडलं होतं, कारण माणसं त्या रस्त्यानं येतात. सिस्टरनं आंबेतळ निवडलं होतं. केसपेपरबरोबर रेशनकार्डाची झेरॉक्स असे, त्यावर आंबेतळ दिसलं म्हणून. तिघींपैकी कुणीच चुकलं नव्हतं. एकेक अक्षर शुद्ध होतं.

जमिनीवरचा गठ्ठा वाढत गेला. कोकिळा बघत होती.

"इतके?" ती म्हणाली. "इतके आले होते हितं?"

रचना उठली. तो गठ्ठा छातीशी धरून ती वर सरांकडे गेली.

डॉक्टरांनी कागद चाळले. त्यांचा चेहरा उतरत गेला. "तक्त्यात का दिसलं नाही हे?" त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं. त्यांनी कागद खाली ठेवले. मग तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना फोन लावला, आवाज चढवून बोलले, पथक लगेच हवं म्हणाले. खालून ॲम्ब्युलन्स निघाल्याचा आवाज आला. रचना खिडकीशी गेली तोवर गाडी नाक्यावर वळली होती.

पथक दुसऱ्या दिवशी वाडीवर गेलं. वाडी पिते ते झऱ्याचं पाणी. पावसात वरच्या अंगाची दरड थोडी ढासळली होती नि उघड्यावरची सगळी घाण त्या पाण्यात उतरत होती. नमुने गेले. पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर टाकली, पाणी उकळून प्यायला सांगितलं. वाडीत आणखी दोघी गरोदर होत्या. त्यांना तपासून दवाखान्यात आणून ठेवलं. पुढं तपासणीत ई प्रकारची कावीळ निघाली. एरवी माणूस त्यातून उठतो. दिवस भरत आलेल्या बाईच्या मात्र जिवावर बेतते.

पथक वाडीवर असतानाच तिकडे जिल्ह्याला केसर गेली. पोटातलं मूल आधीच गेलं होतं.

ही बातमी रचनाला तात्यांनी सांगितली. खिडकी बंद करून ते जिन्याखाली आले, दारातच उभे राहिले. "गेली गो ती," एवढंच म्हणाले. रचनाच्या समोर त्या दिवसाचा गठ्ठा होता. तिनं मान हलवली नि पुढची ओळ भरायला घेतली. गावाच्या चौकटीवर टिचकी मारली, बाण दाबला, नावं उलगडली. तिला काही वाचताच येईना. तात्यांनी तिच्या हातातला माऊस काढून बाजूला ठेवला.

संध्याकाळी ती डॉक्टरांच्या खोलीत गेली.

"सर, ते वाक्य मी लिहिलं होतं."

"कुठलं वाक्य?"

"यादीबाहेरचं घेऊ नये, ते."

डॉक्टरांनी चष्मा काढला. थकलेले दिसत होते. "रचना, ऐक. हा विषाणू अंगात गेल्यावर कावीळ दिसायला महिना-दीड महिना जातो. आपल्याला पंधरा दिवस आधी कळलं असतं तरी तिला लागण झालेलीच असती."

"पण मग कुणीतरी वाडीवर गेलं असतं. ती गरोदर आहे हे दिसलं असतं. नुसत्या तापावर होती तेव्हाच आणून ठेवली असती. त्या दोघींना ठेवलंय तशी."

"वाचली असती असं सांगता येत नाही."

"वाचली नसती असंही नाही ना सर."

त्यांनी चष्मा परत चढवला. मग म्हणाले, "सही माझी होती. पुढं मी पाठवलं. यादी जिल्ह्यानं बदलली. तू एकटी का घेतेस?"

ते खरं होतं. पण घरी जाताना, रात्री अंथरुणावर पडल्यावर, त्या खरेपणाचा तिला काही उपयोग झाला नाही. आई पाठीवरून हात फिरवत राहिली. आता आई हसत नव्हती.

चौकशी झाली. जिल्ह्याहून दोघं आले, तक्ते बघितले, पासवर्ड घालून यादी उघडून बघितली. अहवालात लिहिलं की नोंदी वेळेवर व अचूक भरल्या असून टंकलेखनाचा दोष आढळला नाही. रुग्ण दवाखान्यात उशिरा आले आणि गावठी उपचार करत राहिले हे साथ लक्षात न येण्याचं कारण. रचनानं चौकशीतल्या साहेबांना तोंडी सगळं सांगितलं होतं, कागद पुढे ठेवले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुमच्या भावना समजू शकतो," असं म्हणाले. अहवालात ते कुठेच नव्हतं.

तिनं तिसरं पत्र लिहिलं. या वेळी मोठं. उक्षीच्या वाडीची गोष्ट, तीन हातांनी निवडलेली तीन गावं, सगळं मांडलं. यादीत वाड्या घ्या. गावाच्या रकान्याशेजारी वाडीचा वेगळा रकाना द्या. कोड गावाचाच राहील, वाडी नुसती सोबत असेल. कुठली वाडी कुठल्या गावात धरायची ते एकदाच ठरवून सगळ्यांना द्या. आणि यादीत नाव सापडलं नाही तर भरणाऱ्याला ते लिहायची सोय ठेवा, आणि असं लिहिलेलं रोज कुणीतरी बघा. डॉक्टरांनी त्यावर जोरदार शेरा मारून सही केली. स्वतः फोन केले, दोनदा जिल्ह्याला जाऊन आले.

दिवाळीनंतर स्वप्निलनं फाइल पाठवली. यादीच्या शेवटी एक शब्द वाढला होता. 'इतर'. वाडीचा रकाना नव्हता, लिहायला जागा नव्हती. तिनं फोन केला.

"मॅडम, एवढंच अप्रूव्ह झालं. मी बोललो होतो, आईशप्पथ. बोलले, जास्त कॉलम नको." मग आवाज उतरवून म्हणाला, "ती बाई… मला पण झोप नाही लागली दोन दिवस."

आठवड्याभरात साक्षी भराभर 'इतर' निवडू लागली. सिस्टरही. शोधत बसण्यापेक्षा ते सोपं होतं, यादी उघडून शेवटचा शब्द दाबला की झालं. करंजखारची माणसंही 'इतर' मध्ये जाऊ लागली. रचनानं साक्षीला समजावलं, एकदा ओरडलीसुद्धा. साक्षीनं डोळे मोठे करून विचारलं, "ताई, दिलंय म्हणूनच निवडते ना?" तिच्यावर रागावून तरी काय होणार होतं!

हिवाळ्यात एका रविवारी रचना कोकिळाबरोबर उक्षीच्या वाडीवर गेली. का जातेय ते तिला नीट सांगता आलं नसतं. पथकानं झऱ्याला सिमेंटची कड बांधायची असं ठरवून खुणेचे दगड ठेवले होते. दगड तसेच होते. बाया अजून तिथूनच पाणी भरत होत्या. काही उकळत होत्या, काही नाही. लाकूडफाटा रोज किती आणायचा?

रघू घरी नव्हता. वीटभट्टीवर गेला होता, घाटावर कुठंतरी. त्याची आई रंगू ओट्यावर सुकी मासळी निवडत बसली होती. कोकिळानं ओळख करून दिली. "ही दवाखान्यातली. कंप्युटरवर लिहिते ती."

रंगूनं वर बघितलं. "काय लिवतं?"

"कोण आजारी पडलं, कुठल्या गावाचं, ते," रचना म्हणाली.

"माझी सून लिवली व्हती?"

"हो."

"कंच्या गावाची?"

ती एंट्री तिनंच भरली होती, त्या दिवशी, सगळं झाल्यावर. "करंजखार," ती म्हणाली.

म्हातारीनं हातातली मासळी खाली ठेवली. "ती करंजखारला कवा गेलीसुदिक न्हाय," ती म्हणाली. रागानं नाही. चूक दाखवून द्यावी तसं. मग पुन्हा खाली बघून मासळीतले खडे वेचायला लागली.

रचना ओट्याच्या कडेला टेकली. माफी मागायची म्हणून ती आली होती बहुधा. पण कशी मागायची? ड्रॉपडाउन म्हणजे काय, यादी म्हणजे काय, माझ्या एका वाक्यानं तुझ्या वाडीचं नाव कसं पुसलं गेलं, हे कुठून सांगायला सुरुवात करायची? आणि सांगून म्हातारीला काय मिळणार होतं? तोंडात आलेलं तिनं गिळून टाकलं. कोकिळानं घराघरांत जाऊन ताप विचारला. परत येताना पुन्हा ओढा ओलांडायचा होता. काठी टेकायला जागा शोधत कोकिळा पुढं, रचना मागं.

मार्च सरता सरता जिल्ह्याचं परिपत्रक आलं. ड्रॉपडाउन यादीमुळे नोंदींतल्या चुका जवळजवळ संपल्या, तेव्हा ही पद्धत नव्या वर्षापासून सर्व ग्रामीण रुग्णालयांनी राबवावी. सोबत नमुना म्हणून रचनाचं पहिलं पत्र जोडलं होतं, शेवटच्या वाक्यासकट. डॉक्टरांनी ते तिला त्या दिवशी दाखवलं नाही. पण ती कुठूनतरी बघेलच म्हणून पुढच्याच दिवशी लपवल्यासारखं तिच्या टेबलावर ठेवून गेले.

तिनं ते वाचलं. मग नोकरी सोडायचा विचार केला, आणि तो दुपारपर्यंत केला. पण ती गेली तर खुर्चीत दुसरी कुणी बसेल नि 'इतर' दाबेल. दुपारी गठ्ठा आला. तिनं ड्रॉवरमधून एक कोरा कागद काढला, त्यावर कावीळ, ताप, जुलाब असे रकाने आखले. तक्त्यात ओळ भरून झाली की ती तात्यांनी लिहिलेली वाडी त्या कागदावर पेननं टिपू लागली. हे काम तिला कुणी सांगितलं नव्हतं. शनिवारी ती तो कागद वर नेऊन सरांच्या टेबलावर ठेवणार, सर बघतील, बदली होईपर्यंत बघतील. पुढं काय, तिला माहीत नव्हतं. बाकीच्या रुग्णालयांत आता कुठली वाडी कशात जाईल, तेही तिला माहीत नव्हतं.

"अजून आहेत गो," तात्या दारातून म्हणाले आणि दुसरा गठ्ठा ठेवून गेले.